पैठणी कोणाला मिळणार? सोडतीचे नियम लिहिण्याची रीत

श्रावण जवळ आला की अशी जाहिरात हमखास दिसते: "श्रावण स्पेशल गिव्हअवे! आमचं पेज फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा आणि जिंका सुंदर पैठणी! भाग्यवान विजेत्याचं नाव लवकरच जाहीर. आमचा निर्णय अंतिम." लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही काळंबेरं नसतं. दुकान नवीन असतं, चार लोकांपर्यंत नाव पोचावं एवढीच इच्छा असते. पण या चार ओळींमध्ये एकही वाक्य असं नाही, जे धरून उद्या कोणी विचारू शकेल की पैठणी याच बाईला का मिळाली. मुदत कधी संपली, एकूण किती जणींनी भाग घेतला, नाव कसं काढलं, यांपैकी काहीच लिहिलेलं नाही. मग विजेती दुकानदाराच्या वहिनीची मैत्रीण निघाली की गावभर कुजबुज सुरू होते, आणि तिच्यावर उत्तर द्यायला दुकानदाराच्या हातात काही नसतं, मग सोडत शंभर टक्के प्रामाणिक का असेना.

बक्षीस-योजनेच्या नियमांची माझ्या मते एकच कसोटी आहे. नियमांचा कागद आणि प्रवेशिकांची यादी दोन अनोळखी माणसांना वेगवेगळ्या खोलीत बसवून दिली, तर दोघांनी एकाच नावावर बोट ठेवलं पाहिजे. नावं वेगळी आली, तर कुठलंतरी वाक्य सैल आहे. ही कसोटी घेऊन एक उदाहरण पूर्ण तपासू. समजा, येवल्यातल्या एका छोट्या पैठणी विक्रेत्याला एक पैठणी बक्षीस द्यायची आहे. प्रवेश व्हॉट्सॲपवर, दुकानाच्या नंबरवर नाव आणि गाव पाठवून. विजेती चिठ्ठीने निवडायची.

पहिला प्रश्न बक्षिसाच्या किमतीचा, आणि तो सगळ्यात शेवटी आठवतो म्हणून सुरुवातीलाच घेतो. दुकानदाराच्या मनात बारा हजारांची पैठणी आहे. पण सोडतीतून किंवा निव्वळ नशिबावर मिळालेल्या बक्षिसाची किंमत १०,००० रुपयांच्या वर गेली, की बक्षीस देणाऱ्याने ३० टक्के दराने उद्गम करकपात करायची असते. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर त्यातून कापायला काही नसतं, म्हणून कर भरला गेला आहे याची खात्री करूनच वस्तू हातात द्यायची, असा कायदा आहे. बारा हजारांवर ते होतात ३,६०० रुपये. ते विजेतीकडून घ्यायचे, तर तिला फोन करून म्हणावं लागेल, "ताई, तुम्हाला पैठणी लागली आहे, आधी छत्तीसशे रुपये पाठवा." भामटे याच शब्दांत लोकांना लुबाडतात. शहाणी बाई फोन ठेवून देईल, आणि तिचं बरोबरच असेल. म्हणजे एक तर कराचा भार दुकानदाराने स्वतः उचलायचा आणि तसं नियमांत लिहायचं, नाही तर बक्षीस दहा हजारांच्या आत ठेवायचं. आपला दुकानदार ९,५०० रुपयांची पैठणी निवडतो, किंमत जीएसटीसह लिहितो, आणि त्यामुळे एक मोलाचं वाक्य त्याला खरेपणाने लिहिता येतं: "विजेतीकडून कर, कुरिअर किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी पैसे घेतले जाणार नाहीत, ओटीपी विचारला जाणार नाही. आमच्या नावाने कोणी मागितल्यास तो फसवणुकीचा प्रयत्न समजावा." हे वाक्य हवंच, कारण जाहिरात लोकप्रिय झाली की तिच्या नावाने खोटे मेसेज फिरायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न खरेदीचा. "दोन हजारांच्या खरेदीवर एक कूपन" ही आपल्याकडची जुनी पद्धत. बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी होते आणि लॉटरी चालवायचा अधिकार सरकारचा. परवानगी नसलेली सोडत काढण्यासाठी जागा ठेवणं आणि तशा सोडतीची जाहिरात करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ मध्ये होतं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवण्यासाठी काढलेल्या सोडती आणि स्पर्धा यांचा उल्लेख अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत आहे. त्या कलमाचे शब्द बरेच व्यापक आहेत, म्हणून गाडी किंवा सोनं अशा मोठ्या बक्षिसाच्या आधी वकिलाला मसुदा दाखवावाच. आपल्या उदाहरणापुरतं इतकं पक्कं, की प्रवेश पूर्णपणे मोफत ठेवायचा आणि ते दोन्ही बाजूंनी लिहायचं: "भाग घेण्यासाठी खरेदीची गरज नाही. खरेदी केल्याने जिंकण्याची शक्यता वाढणार नाही." दुसरं वाक्य गाळलं, तर दुकानात आलेली गिऱ्हाइकं विचारणारच, "आम्ही एवढं घेतलं, आमचं नाव दोनदा टाका की."

मैत्रिणींना टॅग करण्याची अट तर काढूनच टाकावी. फेसबुकच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे "तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा" किंवा "मित्रांच्या टाइमलाइनवर टाका" अशा अटींवर बक्षीस-योजना चालवता येत नाही. आणि आपल्या कसोटीलाही ती अट उतरत नाही. टॅग झालेलं खातं खरं होतं का, तिघींपैकी एकीने टॅग काढून टाकला तर काय, हे दुकानदार तपासू शकत नाही. जी अट तपासता येत नाही, ती लिहिली की हव्या त्या प्रवेशिकेला बाद करण्याची मोकळीक आपोआप तयार होते.

आता पात्रता. "फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी" असं सहज लिहिलं जातं. पण दुबईत राहणारी, पुण्याचा मोबाइल नंबर चालू ठेवलेली मुलगी यात बसते की नाही? बक्षीस तर तिच्या आईच्या सांगलीच्या पत्त्यावर सुखाने पोचेल. दुकानदाराची खरी अडचण परदेशी कुरिअरचा खर्च आणि तिकडचं सीमाशुल्क ही आहे, तिचं राहण्याचं ठिकाण ही नाही. मग लिहायचं ते असं: "बक्षीस भारतातील पत्त्यावरच पाठवले जाईल." अट ज्या कारणासाठी घालतो, त्या कारणापुरतीच ती असावी. वयाचंही तसंच. अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार आपल्याकडे कायद्याने टिकत नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांपर्यंत मूलच मानलं आहे. म्हणून "प्रवेशाच्या दिवशी वय १८ वर्षे पूर्ण हवे." यातले "प्रवेशाच्या दिवशी" हे शब्द विसरू नयेत, नाही तर सोडतीच्या आदल्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्या मुलीवरून वाद होतो.

कुटुंबीयांना वगळण्याच्या अटीत तर सगळ्यात जास्त पळवाटा राहतात. "कर्मचारी व त्यांचे नातेवाईक पात्र नाहीत" एवढंच लिहिलं, तर आपल्या समाजात नातेवाईक कुठे संपतात? येवल्यासारख्या गावात अर्धी बाजारपेठ कोणाची तरी मावसबहीण असते. इथे नाती मोजून लिहावीत: "दुकानाचे मालक, कर्मचारी व दुकानासाठी विणकाम करणारे कारागीर, तसेच त्यांचे पती-पत्नी, मुले, सुना-जावई, आई-वडील, सासू-सासरे, सख्खी भावंडे, दीर, नणंद व जावा यांना भाग घेता येणार नाही." यादी लांब वाटते. पण वहिनीची मैत्रीण जिंकली तर ती नियमात बसते, हे आधीच छापलेलं असतं, आणि नणंद जिंकली तर तिला नाही म्हणणं सोपं जातं.

मुदतीच्या बाबतीत "१० ऑगस्टपर्यंत" हे पुरेसं नाही. दहा तारीख धरून की सोडून? "१० ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत" म्हटलं तर गोंधळ आणखी वाढतो, कारण दहा तारीख सुरू होतानाची मध्यरात्र आणि संपतानाची मध्यरात्र यांत पूर्ण एक दिवस आहे. लिहावं "१० ऑगस्ट, रात्री ११:५९ (भारतीय वेळ)". मेसेज पाठवल्याची वेळ धरायची की दुकानाच्या फोनवर आल्याची, हेही सांगावं. दुकानाच्या फोनवर दिसणारी वेळच सगळ्यांना दाखवता येते, म्हणून ती धरावी. आणि मुदत एकदा दिली की वाढवू नये. प्रतिसाद कमी आला म्हणून आठवडाभर वाढवली, तर आधी नाव दिलेल्या शंभर जणींची शक्यता आपण त्यांना न विचारता पातळ करतो. "मुदत वाढवण्याचे अधिकार राखीव" हे वाक्य जिथे दिसेल, तिथे सोडतीला नेमकी तारीखच नाही असं समजावं.

विजेती निवडण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि जाहिरातीत त्याच्यासाठी बहुतेक वेळा "लकी ड्रॉ" हे दोनच शब्द असतात.

चिठ्ठ्या काढायच्या असतील, तर त्या नीट मिसळणं वाटतं तितकं सोपं नाही. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना कोणत्या क्रमाने बोलवायचं, हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ रोजी तिथे जन्मतारखांची सोडत काढली गेली. वर्षातल्या ३६६ तारखा प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांमध्ये घातल्या होत्या. कुप्या जानेवारीपासून महिन्यामहिन्याने भरल्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. परिणाम असा झाला, की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या, विशेषतः डिसेंबरातल्या तारखा बऱ्याच आधी निघाल्या. संख्याशास्त्रज्ञांनी आकडे मांडून ते दाखवून दिलं. पुढच्या वर्षी पद्धत बदलली: तारखांचं एक फिरतं पिंप, क्रमांकांचं दुसरं, आणि दोन्हींतून एकेक उचलून जोडी लावायची. तेव्हा कोणी लबाडी केली होती असं नाही. वरवर ढवळलेली चिठ्ठी शेवटी टाकलेल्यांच्या बाजूने झुकते, इतकंच. दुकानात बरणी वापरायची तर सगळ्या चिठ्ठ्या एका आकाराच्या कागदाच्या, सारख्या घड्यांच्या असाव्यात. त्या मोठ्या परातीत ओतून हाताने पुन्हा पुन्हा खालीवर कराव्यात आणि मगच बरणीत भराव्यात. चिठ्ठी काढायला आपल्याकडे प्रभाग आरक्षणाच्या सोडतीत शाळेतल्या मुलांना बोलावतात, तसं दुकानाशी संबंध नसलेलं कोणी तरी बोलवावं.

पण चिठ्ठी काढताना लोक समोर असतील तरच तिची साक्ष. व्हॉट्सॲपवरून नागपूर आणि कोल्हापूरहून नावं आली असतील, तर मोबाइलवर "रँडम नंबर" काढल्याचा व्हिडिओ टाकूनही शंका राहते. नको असलेलं नाव आलं म्हणून आधी पाच वेळा काढून सहावा व्हिडिओ टाकला नसेल कशावरून? यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे आकडा दुसऱ्याकडून घ्यायचा. ज्यावर दुकानदाराचा काडीचाही ताबा नाही, जो ठरलेल्या वेळी जाहीर होतो आणि जो कोणालाही कधीही पडताळता येतो, असा आकडा. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने आपल्या समितीवरची माणसं निवडण्यासाठी अशीच पद्धत २००४ सालच्या आरएफसी ३७९७ या कागदपत्रात लिहून ठेवली आहे. आपल्या दुकानदाराला मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्सचा बंद आकडा पुरतो.

हिशेब असा. समजा एकूण ४१२ प्रवेशिका पात्र ठरल्या. मेसेज ज्या क्रमाने आले, त्या क्रमाने त्यांना १ ते ४१२ क्रमांक दिले. ठरलेल्या दिवशी सेन्सेक्स ८१,५४२.३७ वर बंद झाला, असं धरू. स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह काढलं की संख्या झाली ८१५४२३७. तिला ४१२ ने भागायचं. भागाकार १९७९१ येतो आणि बाकी उरते ३४५. त्यात एक मिळवायचा, कारण बाकी शून्यही येऊ शकते आणि शून्य क्रमांकाची प्रवेशिका नसते. विजेती क्रमांक ३४६. सातवीतला मुलगाही हे वहीवर करून बघेल.

या पद्धतीत फसवणुकीला एकच फट आहे, आणि ती क्रमाची. आकडा कळल्यानंतर यादी जाहीर केली, तर एखादी प्रवेशिका बाद करून ४१२ चे ४११ करता येतात आणि उत्तर बदलतं. म्हणून यादी आधी, आकडा नंतर. यादी जाहीर करायची, आक्षेप घ्यायला वेळ द्यायचा, दुरुस्त्या करून ती बंद करायची, आणि त्यानंतरच्या बाजाराच्या दिवसाचा आकडा घ्यायचा. यादीत पूर्ण मोबाइल नंबर छापायचे नाहीत. क्रमांक, पहिलं नाव, गाव आणि नंबरचे शेवटचे चार अंक एवढं पुरतं. जिचं तिला ओळखू येतं, बाकीच्यांना फोन करता येत नाही.

विजेती सापडलीच नाही तर? इथे बहुतेक जण सहज लिहून जातात, "त्यानंतरच्या क्रमांकाला बक्षीस." दिसायला निरुपद्रवी, पण यात एक खोच आहे. कोणी स्वतःच्या प्रवेशिकेच्या आधी घरातल्या दहा जुन्या सिमकार्डांवरून खोटी नावं ओळीने पाठवली, तर त्या दहांपैकी कोणतंही निघालं की ते अपात्र ठरतं आणि बक्षीस सरकत सरकत तिच्याच नावावर येतं. म्हणून राखीव विजेतीसाठी पुढच्या बाजार-दिवसाचा आकडा घेऊन तोच हिशेब पुन्हा करावा. तीन राखीव नावं अशी आधीच काढून ठेवली की काम संपलं.

पाककृती किंवा घोषवाक्याच्या स्पर्धेत नशीब नसतं, तिथे ही गणितं नकोत. पण तिथेही "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील" या आपल्या पिढीजात वाक्याआधी परीक्षक कोण, गुण कशाला किती आणि बरोबरी झाली तर काय, हे आलं पाहिजे. प्रवेशिका नावं झाकून परीक्षकांकडे गेल्या, हेही लिहावं. आणि दोन्ही प्रकार मिसळू नयेत. "सर्वांत छान उत्तराला लकी ड्रॉमधून बक्षीस" या वाक्यातून विजेती कशी ठरणार, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

तर आपल्या दुकानदाराचा पूर्ण मजकूर असा होईल:

"श्रावण पैठणी सोडत. बक्षीस: एक पैठणी, किंमत ९,५०० रुपये (जीएसटीसह), रंग जाहिरातीतील छायाचित्राप्रमाणे. बक्षिसाऐवजी रोख रक्कम मिळणार नाही. प्रवेश मोफत. खरेदीची गरज नाही व खरेदीने जिंकण्याची शक्यता वाढणार नाही.

१ ऑगस्ट सकाळी १० ते १० ऑगस्ट रात्री ११:५९ (भारतीय वेळ) या काळात आपले नाव व गाव खालील क्रमांकावर व्हॉट्सॲपने पाठवा. आमच्या फोनवर मेसेज आल्याची वेळ धरली जाईल. मुदत वाढवली जाणार नाही. एका व्यक्तीची एकच प्रवेशिका. एका क्रमांकावरून अनेक मेसेज आल्यास पहिला धरला जाईल. दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा भाग घेतल्याचे आढळल्यास त्या व्यक्तीच्या सर्व प्रवेशिका बाद होतील.

प्रवेशाच्या दिवशी वय १८ वर्षे पूर्ण हवे. बक्षीस भारतातील पत्त्यावरच पाठवले जाईल. दुकानाचे मालक, कर्मचारी, कारागीर व त्यांच्या नियमात दिलेल्या नातेवाइकांना भाग घेता येणार नाही.

१२ ऑगस्टला क्रमांकासह यादी जाहीर होईल. १४ ऑगस्ट दुपारी १२ पर्यंत आक्षेप कळवावेत. त्याच दिवशी रात्री ८ वाजता अंतिम यादी जाहीर होईल व त्यानंतर बदलणार नाही. १४ ऑगस्टनंतर शेअर बाजार सुरू असलेल्या पहिल्या दिवसाचा सेन्सेक्सचा बंद आकडा (दोन दशांश स्थळांसह, चिन्हे काढून) एकूण प्रवेशिकांनी भागून येणाऱ्या बाकीत १ मिळवल्यावर येणारा क्रमांक विजेता. त्यापुढच्या तीन बाजार-दिवसांच्या आकड्यांवरून तीन राखीव क्रमांक काढले जातील. एखादा क्रमांक पुन्हा आल्यास त्याच्या पुढच्या बाजार-दिवसाचा आकडा घेतला जाईल.

विजेत्यास दोन वेगवेगळ्या दिवशी फोन व एक मेसेज केला जाईल. पहिल्या फोनपासून सात दिवसांत उत्तर न आल्यास किंवा विजेता अपात्र आढळल्यास बक्षीस राखीव क्रमांकांना क्रमाने दिले जाईल. कोणत्याही कारणासाठी पैसे किंवा ओटीपी मागितला जाणार नाही. आपला क्रमांक फक्त या सोडतीसाठी वापरला जाईल व निकालानंतर ६० दिवसांनी काढून टाकला जाईल. या योजनेशी व्हॉट्सॲप, फेसबुक किंवा इन्स्टाग्राम यांचा संबंध नाही. निकाल ही जाहिरात जिथे जिथे दिली आहे, तिथे तिथे प्रसिद्ध होईल."

शेवटचं वाक्य सौजन्यापोटी घातलेलं नाही. मोफत बक्षीस-योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं, ही ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच ठरवली आहे. ज्या वृत्तपत्रात जाहिरात दिली, त्यातच वाजवी वेळेत ठळकपणे निकाल छापला तर तो कळवला असं मानलं जातं. दुकानाच्या पाटीवर आणि मोबाइलवर जाहिरात केली असेल, तर निकालही तिथेच ठळक लागावा. "विजेतीचं अभिनंदन" एवढ्यावर तो थांबू नये. त्यात "एकूण पात्र प्रवेशिका ४१२, सेन्सेक्स ८१,५४२.३७, बाकी ३४५, विजेता क्रमांक ३४६" ही ओळ हवी. बक्षीस राखीव क्रमांकाला गेलं असेल तर ते आणि त्याचं कारणही त्याच जागी लिहावं. पहिल्या विजेतीचा फोन लागला नाही, की तिची भावजय दुकानात कामाला आहे असं निघालं, हे नाव न घेता एका वाक्यात सांगता येतं.